चिमटा

आमच्या घरातल्या मंडळींना हा प्रसंग माहीत आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. काकांच्या पंचाहत्तरीला सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. शाल, श्रीफळ, पंचाहत्तर दिव्यांचं औक्षण सगळं झालं आणि सत्काराला उत्तर द्यायला काकांना बोलावण्याआधी मी त्यांचा परिचय करून दिला. नोकरी, बदल्या, नाटकाचं वेड, भावंडांची शिक्षणं. सगळं नीट चाललं होतं. मग मला वाटलं, जरा हलकंफुलकं काहीतरी हवं. मी म्हणालो, "काका बोलायला उभे राहणार हे कळलं की कार्यालयवाले आधी जेवणाची वेळ पुढे ढकलतात."

मोठा हशा झाला. काकाही हसले. उठले, माइकपाशी आले, सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेले कागद काढले, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि परत खिशात ठेवले. तीन वाक्यांत सगळ्यांचे आभार मानून खाली बसले. लोकांना वाटलं, वा, काय समयसूचकता! रात्री काकू म्हणाली, "दोन महिने लिहीत होते रे ते." एवढंच म्हणाली.

त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. आता पुढच्या महिन्यात काकांचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि परिचय पुन्हा माझ्याकडेच आला आहे. त्यामुळे गेले काही दिवस मी एका जुन्या जेवणावळीबद्दल जे मिळेल ते वाचतो आहे. ती जेवणावळ झाली अमेरिकेत, बॉस्टनला, १७ डिसेंबर १८७७च्या रात्री. समोर बसलेल्या मोठ्या माणसाची थट्टा कुठवर करावी, हा प्रश्न त्या रात्री जगातल्या सर्वांत विनोदी माणसाला पडला आणि त्याला मरेपर्यंत त्याचं धड उत्तर मिळालं नाही.

तो माणूस म्हणजे मार्क ट्वेन. (आपल्याकडेही येऊन गेला आहे. जानेवारी १८९६मध्ये मुंबईत त्याची व्याख्यानं झाली, वॉटसन हॉटेलात मुक्काम होता.) १८७७ साली तो बेचाळीस वर्षांचा होता. पश्चिमेकडच्या खाणवस्त्यांतून, वर्तमानपत्रांतून वर आलेला, व्याख्यानांतून लोकांना पोट धरून हसवणारा. नाव झालं होतं, पैसाही मिळत होता, पण बॉस्टनच्या साहित्यिक मंडळींत तो अजून पाहुणाच होता. या मंडळींचं मासिक म्हणजे 'अटलांटिक मंथली'. त्याला वीस वर्षं पूर्ण झाली होती आणि त्यातले एक जुने कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियर त्याच दिवशी सत्तर वर्षांचे झाले. प्रकाशकांनी दोन्ही निमित्तं साधून हॉटेल ब्रन्सविकमध्ये मेजवानी ठेवली. साठेक माणसं, सगळे पुरुष. आणि मानाच्या जागेवर व्हिटियर यांच्यासोबत तीन पिकली पानं: राल्फ वाल्डो इमर्सन (वय ७४), हेन्री वॉड्स्वर्थ लाँगफेलो (वय ७०) आणि ऑलिव्हर वेंडेल होम्स (वय ६८, शेरलॉकशी संबंध नाही, हे डॉक्टर आणि कवी, 'अटलांटिक' हे नावसुद्धा यांनीच सुचवलेलं).

या तिघांचं तिथलं स्थान काय होतं हे आपल्याला जरा कल्पनेनेच समजून घ्यावं लागेल. मुलं शाळेत त्यांच्या कविता पाठ करत. लाँगफेलोंची काळाच्या वाळूवर पावलांचे ठसे सोडून जाण्याबद्दलची कविता तर आपल्याकडच्याही एका पिढीने इंग्रजीच्या तासाला घोकली आहे. बॉस्टनमध्ये हे तिघं चालते-बोलते पुतळे होते. फरक इतकाच की पुतळ्याला आपली थट्टा झालेली कळत नाही.

ट्वेनची ओळख करून द्यायचं काम होतं विल्यम डीन हॉवेल्सकडे. हॉवेल्स 'अटलांटिक'चा संपादक, ट्वेनपेक्षा वर्षभराने लहान आणि त्याचा जिवलग मित्र. तोही मूळचा बॉस्टनचा नव्हे, ओहायोचा. बाहेरून येऊन या घरात रुळलेला माणूस आपल्या गावाकडच्या मित्राला घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे उभं करतो आहे, असा तो प्रकार होता. तेव्हा माणूस काय करतो? हमी देतो. हॉवेल्सने तेच केलं. त्याने सांगितलं की, हा असा विनोदकार आहे की याच्या विनोदाला हसल्याबद्दल तुम्हाला मागून कधी शरम वाटत नाही. याच्या विनोदात क्षुद्रपणा नाही. जे खरोखर उच्च आणि चांगलं आहे त्याच्या जिवावर हा कधीही हसवत नाही.

हा परिचय मी चार-पाच वेळा वाचला आणि दर वेळी मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. कारण हॉवेल्सला भाषण काय आहे ते माहीत नव्हतं आणि आपल्याला माहीत आहे.

ट्वेन उठला. त्याने आपल्या नेहमीच्या संथ, ओढून बोलण्याच्या ढंगात एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. पंधरा वर्षांपूर्वी मी कॅलिफोर्नियाच्या खाणींकडे पायी भटकत होतो. बर्फ पडत होतं, रात्र झाली, डोंगराच्या पायथ्याशी एका खाणकामगाराची एकटी झोपडी दिसली. दार वाजवलं. माझं साहित्यातलं नाव सांगितलं, म्हटलं बघू या आपली कीर्ती कुठवर पोचली आहे. तो माणूस खिन्न झाला. म्हणाला, तुम्ही चौथे. चोवीस तासांत चौथे लेखक. मी आता इथून बिऱ्हाड हलवणार.

आधीचे तिघं कोण? तर इमर्सन, लाँगफेलो आणि होम्स. आदल्या संध्याकाळी आले होते. खाणकामगार त्यांचं वर्णन करतो: इमर्सन म्हणजे एक कळकट, लाल केसांचा, चिमुकला माणूस. होम्स फुग्यासारखा फुगलेला, तीनशे पौंड वजनाचा, हनुवट्यांच्या वळ्या पार पोटापर्यंत. लाँगफेलो पैलवानी अंगाचा, डोक्यावर ब्रशसारखे राठ केस. तिघं पिऊन आलेले. त्यांनी त्याच्या बेकन-बीन्सवर ताव मारला, त्याची दारू संपवली, मळकट पत्त्यांनी जुगार खेळले, फसवाफसवी केली, चाकू काढण्यापर्यंत मजल गेली आणि हे सगळं करताना प्रत्येक गोष्टीला स्वतःच्या किंवा एकमेकांच्या कवितेतली ओळ तोंडावर फेकत होते. सकाळी निघताना लाँगफेलोने त्या बिचाऱ्याचे बूट पायांत घातले. त्याच्याकडे तेवढा एकच जोड होता. का नेतोस विचारलं, तर त्या वाळूवरच्या ठशांच्या ओळी म्हणून दाखवल्या.

मग ट्वेन त्याला समजावतो की, अरे बाबा, हे ते खरे कवी नव्हेत, कोणी तोतये असणार. खाणकामगार त्याच्याकडे रोखून बघतो आणि विचारतो, "असं होय, तोतये होते? आणि तुम्ही?"

गोष्ट कागदावर वाचली तर आजही हसू येतं. शेवटचा फटका तर सरळ ट्वेनच्या स्वतःच्या अंगावर आहे. सगळ्यांत मोठा तोतया कोण, तर जो या थोरांच्या पंगतीला येऊन बसला आहे तो. मला वाटतं ट्वेनच्या मनात तेच होतं. वर्णनंही त्याने मुद्दाम उलटी केली होती. इमर्सन उंच आणि सडसडीत, होम्स किरकोळ अंगाचे, लाँगफेलो पांढऱ्याशुभ्र दाढीचे सौम्य ऋषी. खोटं इतकं ढळढळीत आहे की कोणी खरं मानणार नाही, म्हणजे कोणाला लागणार नाही, असा तो हिशोब. आपणही हाच हिशोब करतो. बारीक माणसाला 'पैलवान' म्हणतो आणि निर्धास्त असतो.

पण हा हिशोब दोन ठिकाणी चुकतो असं मला वाटतं. एक म्हणजे शरीर. माणसाच्या चेहऱ्यामागे काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. १८६१ साली लाँगफेलोंच्या पत्नीच्या कपड्यांना घरात आग लागली. तिला वाचवताना त्यांचा चेहरा आणि हात भाजले. ती गेली. ती सुप्रसिद्ध पांढरी दाढी त्यानंतरची, भाजलेल्या चेहऱ्यावर वस्तरा चालवता येत नव्हता म्हणून राखलेली. ट्वेनने दाढीची थट्टा केली नाही हे खरं, पण चेहऱ्याची केली. दुसरं म्हणजे इमर्सन. त्यांची स्मरणशक्ती त्या सुमारास विझत चालली होती. माणसांची नावं, साधे शब्द आठवत नसत. अशा माणसाच्या नावावर त्याच्याच कवितेच्या ओळी भलत्याच जागी बरळल्याचं दृश्य उभं करणं म्हणजे काय हे घरात असं कोणी म्हातारं माणूस असेल त्याला सांगायला नको. ट्वेनला हे ठाऊक असतं तर त्याने ते केलं नसतं, याबद्दल मला जराही शंका नाही. पण त्याने विचारलं नव्हतं.

पुढे काय झालं याच्या दोन कहाण्या आहेत आणि इथेच मला इतिहासाची खरी गंमत वाटते.

पहिली कहाणी ट्वेन आणि हॉवेल्स यांची. दोघांनी खूप वर्षांनी लिहिलेली. ती अशी की थोड्याच वाक्यांनंतर सगळं सभागृह थिजलं. हॉवेल्सच्या आठवणीप्रमाणे अशी शांतता पसरली की तिचं वजन टनांत मोजावं आणि त्या शांततेत एकच कोणीतरी वेड्यासारखं हसत होतं. लाँगफेलो गोंधळून वर बघत होते, होम्स खाली मान घालून मेन्यूच्या कार्डावर काहीतरी लिहीत होते, इमर्सन या जगात नव्हतेच. ट्वेनला थांबता येईना आणि पुढेही जाववेना. त्याच्यानंतर बोलायची पाळी होती विल्यम हेन्री बिशप या तरुण कादंबरीकाराची. अशा थोरांपुढे बोलायची त्याची पहिलीच वेळ. तो उभा राहिला, दोन-चार वाक्यं बोलला, अडखळला आणि खाली बसला. ट्वेन तर म्हणतो की कार्यक्रम तिथेच संपला.

दुसरी कहाणी दुसऱ्या दिवशीच्या बॉस्टनच्या वर्तमानपत्रांची. ती म्हणते की ट्वेनच्या भाषणाला भरपूर हशा पिकला. लाँगफेलो अंग हलवून हसले, व्हिटियर यांनाही मजा आली, इमर्सन मात्र जरा चक्रावलेले दिसले. आणि बिशपनंतरही भाषणं झालीच. विसाव्या शतकाच्या मध्यावर अभ्यासकांनी ही जुनी वर्तमानपत्रं उकरून काढली तेव्हा ट्वेन-हॉवेल्सच्या आठवणी किती काळवंडलेल्या होत्या ते लक्षात आलं.

मग खरं काय? मला वाटतं दोन्ही. साठ माणसं हसली असतील आणि तरी दोन माणसांना ती शांतता ऐकू आली असेल. ज्याने विनोद केला तो आणि ज्याने त्याची हमी दिली होती तो. हॉवेल्स तर बिचारा प्रत्येक वाक्याला स्वतःची हमी मोडताना बघत होता. तिथे बसलेल्या कोणालाही नसेल इतकी त्याला त्या भाषणाची धग लागली असणार. माझ्या वाक्यावर पूर्ण कार्यालय हसलं होतं. मीही हसलो होतो. मला शांतता रात्री ऐकू आली.

बोभाटा झाला तो नंतरच्या दिवसांत. भाषण जसंच्या तसं छापून आलं, गावोगावच्या पत्रांनी ते उचललं आणि मग अग्रलेखांतून टीका सुरू झाली. ज्यांनी हॉटेलातले दिवे, जेवण, ट्वेनचा चेहरा, त्याचं ते रेंगाळत बोलणं यांतलं काहीच पाहिलं नव्हतं त्यांनी फक्त एवढंच वाचलं की एका विदूषकाने देशातल्या तीन आदरणीय म्हाताऱ्यांना दारुडे आणि जुगारी म्हटलं. ट्वेन खचला. त्याने हॉवेल्सला कळवलं की माझी शरम कमी होत नाही, वाढतेच आहे. तुझ्या मासिकात सध्या माझं काही छापू नकोस, तुझंच नुकसान होईल. हॉवेल्सने अर्थातच ते ऐकलं नाही. २७ डिसेंबरला, म्हणजे दहा दिवसांनी, ट्वेनने तिघांनाही माफीची पत्रं पाठवली.

उत्तरं वाचण्यासारखी आहेत. लाँगफेलोंनी लिहिलं की कोणाला फारसं लागलेलं नाही; मला तर नाहीच आणि होम्सही तसंच सांगतात. घोळ वर्तमानपत्रांनी केला. जेवणाच्या टेबलावरची थट्टा वेगळी आणि तीच सकाळच्या पेपरात वाचणं वेगळं. तिला तो दिव्यांचा उजेड आणि तो देखावा लागतो. होम्सनीही गोड उत्तर दिलं. इमर्सन यांच्याकडून त्यांच्या मुलीने ट्वेनच्या पत्नीला पत्र लिहिलं. त्यात होतं की वडील त्या रात्री लांब बसले होते, त्यांना भाषण ऐकूच आलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने वाचून दाखवलं तेव्हा त्यांना गंमत वाटली.

म्हणजे ज्यांची थट्टा झाली त्यांच्यातल्या एकाला ती ऐकूच गेली नव्हती! आणि दोघांनी ती मनावर घेतली नव्हती. मग नुकसान कोणाचं झालं? ट्वेनचं म्हणाल तर तो पुढे आणखी मोठा झाला. मला राहून राहून बिशप आठवतो. तो कुठल्याच विनोदात नव्हता. त्याची फक्त पाळी पुढची होती.

ट्वेनला स्वतःला हा गुंता सुटला नाही तो नाहीच. १९०६ साली, सत्तरी ओलांडल्यावर, आत्मचरित्र सांगताना त्याने ते भाषण पुन्हा मागवून वाचलं. म्हणाला, यात काहीच वाईट नाही, उत्तम आहे, चूक माझ्या सांगण्यात झाली असेल. आज ते म्हातारे समोर असते तर मी हेच शब्दन्‌शब्द म्हणून त्यांना हसवून लोळवलं असतं. मग काही दिवसांनी पुन्हा वाचलं आणि म्हणाला, छे, भलतंच ग्राम्य आहे. अठ्ठावीस वर्षांनंतरही मत बदलतंय!

माझं मत (कोणी विचारलेलं नाही, तरी) असं की भाषणाइतकाच दोष त्या परिचयाचा होता. परिचय हा पुढचं कसं ऐकायचं याची सूचना असतो. हॉवेल्सने मित्राला जपण्यासाठी त्याला इतकं सोवळं नेसवलं की त्याने पंगतीत पाय टाकताच ते फिटलं. त्याऐवजी त्याने ट्वेनलाच एक छोटा चिमटा काढला असता, जपून राहा मंडळी, हा गृहस्थ कोणालाच सोडत नाही, मलाही सोडलेलं नाही, असं काही म्हणाला असता, तर त्या साठ माणसांनी खुर्चीत जरा सैल होऊन ऐकलं असतं. पाहुण्याच्या परिचयातली थट्टा कधी कधी त्याच्यासाठी परवान्याचं काम करते. हे ट्वेनला स्वतःच्या बाबतीत पक्कं माहीत होतं. व्याख्यानांच्या दौऱ्यात ठिकठिकाणचे अध्यक्ष स्तुतीचे ढीग रचत, मग त्या ढिगावर उभं राहून हसवणं त्याला जड जाई. त्याने अध्यक्षांना फाटा देऊन आपणच आपली ओळख करून द्यायला सुरुवात केली. आजच्या वक्त्याची विद्वत्ता, सत्यनिष्ठा आणि भव्य व्यक्तिमत्त्व यांची गंभीरपणे वाखाणणी करायची आणि शेवटी सांगायचं की तो मीच. त्याचा सगळ्यांत आवडता परिचय मात्र एका खाणवस्तीतल्या माणसाने करून दिलेला. तो बिचारा बळेच व्यासपीठावर ढकललेला. म्हणाला, मला या माणसाबद्दल दोनच गोष्टी माहीत आहेत. एक, हा अजून तुरुंगात गेलेला नाही. आणि दुसरी, का गेला नाही ते मला माहीत नाही. ट्वेन हा किस्सा वर्षानुवर्षं सांगत असे. मोठ्या माणसाची थट्टा ज्याला काहीच मिळवायचं नाही अशा माणसाने केली की ती बोचत नाही, हेही त्यात दिसतं.

आता दुसरं टोक. १२ डिसेंबर १९००, न्यू यॉर्कचं वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेल. या वेळी परिचय करून देणारा ट्वेनच होता, पासष्ट वर्षांचा, पांढऱ्या केसांचा, आता तोच पुतळा झालेला. पाहुणा सव्वीस वर्षांचा, नुकताच ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून आलेला आणि त्याआधी दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांच्या कैदेतून निसटून नाव कमावलेला विन्स्टन चर्चिल. (दोघांचाही वाढदिवस ३० नोव्हेंबरचा.) तो बोअर युद्धावरच व्याख्यान द्यायला आला होता. पंचाईत अशी की ट्वेनला ते युद्ध अजिबात पसंत नव्हतं आणि आपल्या देशाने फिलिपीन्समध्ये चालवलेलंही नव्हतं. अशा वेळी आपण काय करतो? एक तर खोटी स्तुती करतो, नाहीतर "माझे यांच्याशी मतभेद आहेत, तरीही" असं म्हणून पाहुण्याच्या ताटात खडा टाकतो.

ट्वेनने काय केलं बघा. त्याने सांगितलं की इंग्लंड आणि अमेरिका यांची दिलजमाई व्हावी म्हणून मी कित्येक वर्षं झटतो आहे. दक्षिण आफ्रिकेतलं टाळता येण्यासारखं युद्ध करून इंग्लंडने पाप केलं आणि फिलिपीन्समध्ये तसंच युद्ध करून आपणही केलं. आजचे पाहुणे वडिलांकडून इंग्रज आहेत, आईकडून अमेरिकन. या मिश्रणातून परिपूर्ण माणूस तयार होतो यात शंका नाही. आपण दोन देश रक्ताचे नातेवाईक होतोच, आता पापातही नातेवाईक झालो. आणखी काय हवं? मेळ पूर्ण जमला आहे, मिश्रण परिपूर्ण आहे, अगदी मिस्टर चर्चिल यांच्यासारखंच.

आणि त्यांना बोलायला बोलावलं.

यात बॉस्टनपेक्षा बोलणं काही सौम्य नाही. उलट तिथे नुसते पत्ते आणि दारू होती, इथे पाप हा शब्द आहे, तोही पाहुण्याच्या देशाबद्दल, त्याच्या तोंडावर. पण पहिला घाव ट्वेनने आपल्या आणि समोरच्या श्रोत्यांच्या देशावरही घेतला आहे. पाहुण्याच्या वाट्याला जो चिमटा येतो तो त्याच्या जन्माबद्दलचा, सगळ्यांना माहीत असलेला, त्याला स्वतःला अभिमान असलेला. चर्चिल यांची आई न्यू यॉर्कची, त्यामुळे तो श्रोत्यांशी त्याचं नातंही सांगून जातो. आणि मुख्य म्हणजे पुढचा तास चर्चिल यांचा होता. त्यांच्याकडे युद्धाबद्दल बोलायचं होतं आणि ट्वेनने त्यांना उत्तर द्यायला विषय देऊन ठेवला. चर्चिल यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे की त्या भेटीत म्हाताऱ्याशी युद्धावरून वादही झाला. 'माझा देश, बरोबर असो वा चूक' हा आधार त्यांनी घेतला, तेव्हा ट्वेन म्हणाला की देश जिवावर बेतल्याने लढत असेल तर कबूल, पण तुमचं तसं नव्हतं. तरीही ट्वेनने आपल्या पुस्तकांचा संच त्यांना सह्या करून दिला. आणि चर्चिल यांनी ही सगळी आठवण प्रेमाने सांगितली आहे.

बॉस्टनच्या तिघांना उत्तराची पाळी नव्हती. लांबलचक गोष्ट संपेपर्यंत त्यांनी नुसतं चेहरा सांभाळत बसायचं होतं आणि साठ माणसं त्यांचा चेहरा बघणार. परिचयात मात्र ज्याला चिमटा काढला तोच पुढच्या मिनिटाला माइकसमोर असतो. म्हणून परिचयात थोडी जास्त थट्टा खपून जाते असं मला वाटत होतं, आणि चर्चिलपर्यंत ते बरोबरही होतं.

मग काकांचं काय झालं? त्यांनाही पुढच्याच मिनिटाला बोलायचं होतं. इथे येऊन मी दोन दिवस अडलो. मग लक्षात आलं की मी जो चिमटा काढला तो नेमका त्यांच्या बोलण्यालाच. ते लांब बोलले असते तर माझा विनोद खरा ठरला असता, म्हणून त्यांना थोडक्यात आटपणं भाग होतं. मी माइक त्यांच्या हातात दिला आणि तोंडावर हात ठेवला. ट्वेनने चर्चिल यांना "हे आता युद्धाची बढाई मारणार आहेत" असं म्हटलं असतं तर तेच झालं असतं. स्वयंपाकाची थट्टा करून पान वाढायला बोलवावं, तसं.

नाटकाच्या वेडाबद्दल बोललो असतो तर चाललं असतं. नगरला असताना तालमीच्या नादात काका एकदा स्वतःच्याच साखरपुड्याला उशिरा पोचले होते, हा किस्सा ते स्वतः चारचौघांत सांगतात. त्यावरून चिमटा काढला असता तर त्यांनी उठून तो किस्सा आणखी रंगवला असता आणि मग कागद काढले असते.

गेल्या रविवारी काकांकडे गेलो होतो. सहज विचारल्यासारखं करून विचारलं, ते पंचाहत्तरीचे कागद आहेत का अजून? काका म्हणाले, "कसले कागद?" काकू काही न बोलता उठली, कपाटातल्या पासबुकांच्या पिशवीतून एक पाकीट काढून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. काकांनी ते उघडलं, चष्मा लावला, पहिलं पान वाचायला लागले आणि पेन मागितलं. दोन नावांपुढे त्यांनी 'कै.' लिहिलं. एक परिच्छेद खोडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा लांबेल. तुझा कार्यालयवाला काय म्हणेल?"

अकरा पानं आहेत. कार्यालयात मी जेवणाची वेळ दीडची सांगून ठेवली आहे.